शेवटाचा धक्का: ट्रंकेतला कागद काढून टाकला तर कथेत उरतं काय?

मनीषा_सोलापूर

मंडळी, दिवाळी अंकाला पाठवलेली कथा परत आलीय. संपादकांनी लिहिलंय, "कथा आवडली, शेवट मात्र बाहेरून आणून चिकटवलाय. बदलून पाठवणार असाल तर वाट बघतो." काय बदलू ते कळेना म्हणून इथं मांडतेय.

गोष्ट आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली. खाली यंत्रमागाचा कारखाना, वर घर. रेणू दहा वर्षांची, आणि तिचे आजोबा, म्हणजे ताता, उभा जन्म मागावर घालवलेले. माणूस तुसडा. सतत ओरडून बोलतो, कुणाशी धड संवाद नाही. मागाच्या सांगाड्यावर तळवा ठेवला की कुठं बिघडलंय ते सांगतो, एवढंच काय ते कौतुक. रेणू एकदा धीर करून पाठीमागून सहलीचे पैसे मागते. ताता वळून बघत नाहीत. सहल हुकते. ती अढी धरते ती कायमची. पुढं ताता वारतात, ट्रंक आवरताना तिला दवाखान्याचा जुना कागद सापडतो. दोन्ही कानांनी संपूर्ण बहिरेपण. ती रडते, कथा संपते.

घरी ज्यांना वाचायला दिली त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग चिकटवलेलं कुठं आहे?

अण्णा_अकलकोट

ताई, संपादकांचं फार मनावर घेऊ नका. धक्का म्हणजे लपवणंच. आधी सांगितलं तर धक्का कसला? तुम्ही फक्त मधे दोन-तीन सूचक वाक्यं पेरा. शेजारीण म्हणेल, "म्हाताऱ्याला काही ऐकूच जात नाही की काय!" झालं काम. मग कुणी म्हणणार नाही की सांगितलं नव्हतं.

बाळू_७०फूट

माझ्या कथेतपण असाच लोचा झालाय बघा. खून होतो, संशय मुनीमावर, आणि शेवटी कळतं की मुनीमाला जुळा भाऊ आहे. मित्र म्हणाले लई भारी. पण स्पर्धेत नंबर नाही आला. हे परीक्षक लोकं नेमकं काय बघतात? कुणाला माहितीय का?

जुना_वाचक

बाळू, जुळा भाऊ शेवटच्या पानापर्यंत कुठंच नसेल तर वाचकाने पहिली वीस पानं कशासाठी वाचली? सवडीने वेगळा धागा काढा, तिथं बोलू.

मनीषाताई, एक करून बघा. शेवटचं पान बाजूला ठेवा आणि उरलेली कथा अशा माणसाला द्या ज्याला काहीच माहीत नाही. वाचून झाल्यावर त्याला विचारा, ताता का वळले नाहीत? "तुसडे आहेत म्हणून" याखेरीज दुसरं उत्तर त्या पानांतून निघूच शकत नसेल, तर सगळा भार त्या कागदावर आहे. कागद ही नवी माहिती. ती रेणूला नव्हती, वाचकालाही नव्हती, लेखिकेने मात्र कुलपात ठेवली होती. घरच्यांना रडू आलं ते म्हातारा गेला म्हणून. मागं जाऊन एखादा प्रसंग पुन्हा वाचावासा वाटला का, ते विचारा त्यांना.

आणि तुमच्याकडे माल आहे हो! सतत ओरडून बोलणारा माणूस, सांगाड्यावरचा तळवा, पाठीमागून मारलेली हाक. तिन्ही गोष्टी उघड्यावर ठेवल्यात आणि तिन्हींना दोन अर्थ आहेत. तुम्ही त्यांच्यावर विश्वास न ठेवता ट्रंक उघडायला गेलात.

अण्णा, पेरायचं हे तुमचं बरोबर. पण शेजारणीचं वाक्य ऐकून वाचक तिथंच थबकेल. त्या वाक्याला कथेत दुसरं कामच नाही. ज्या तपशिलाला पहिल्या वाचनात स्वतःचं काम नसतं तो उघडा पडतो. तळव्याला काम आहे, तो ताताचं कसब दाखवतो. म्हणून तो लपतो.

अण्णा_अकलकोट

पण मोठमोठ्यांनी लपवलंच आहे की. अगाथा ख्रिस्तीचं रॉजर अ‍ॅक्रॉइडचं पुस्तक घ्या. निवेदकच खुनी, आणि तो अख्खं पुस्तकभर गप्प. तिला कुणी चिकटवलं म्हणालं का?

जुना_वाचक

पुस्तक १९२६ चं आहे, तेव्हा रहस्य फोडल्याबद्दल तुम्हाला माफ.

त्यावरही तेव्हा वाचकांत वाद झालाच होता. पण ती गप्प कुठं बसली ते बघा. तो निवेदक डॉक्टर लिहितो की टपाल आठ वाजून चाळीस मिनिटांनी आत आलं, आणि आठ पन्नासला मी निघालो तेव्हा त्यातलं पत्र न वाचलेलंच होतं. मधली दहा मिनिटं त्याने पुसली नाहीत, दोन्ही वेळा लिहून ठेवल्यात. वर दाराशी थांबून, काही करायचं राहिलं का, असा विचारही त्याच्या मनात येतो. पहिल्यांदा वाचताना ती सज्जन डॉक्टरची काळजी वाटते. शेवट कळल्यावर त्याच वाक्याने अंगावर काटा येतो. वाक्य बदललेलं नाही, अण्णा. ताईंच्या कागदाला असं एकही वाक्य मागं सापडत नाही.

श्रवण_जोडभावी

मी कानाच्या तपासणीचं काम करतो, मागावरचे पुष्कळ लोक येतात. कथेतलं मला फारसं कळत नाही, पण तुमचा कागद मुळात चुकीचा आहे. नुसत्या आवाजाने "संपूर्ण बहिरेपण" सहसा येत नाही. ते हळूहळू, वर्षानुवर्षं, दोन्ही कानांत जवळपास सारखं उतरत जातं, आणि आधी जातात ते बारीक, उंच आवाज, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासचे. ढोल ऐकू येतो, ट्रकचा हॉर्न ऐकू येतो, पुरुषाचा जाड आवाज बराच कळतो. लहान मुलीचा आवाज आधी हरवतो.

बोलण्यातसुद्धा स्वर ऐकू येतात पण स, श, ट, फ असली व्यंजनं गळतात. माणसाला कळतं की कुणीतरी काहीतरी बोललं, काय बोललं ते कळत नाही. म्हणून ते म्हणतात, "तुम्ही पोरं तोंडातल्या तोंडात बोलता." आपल्याला कमी ऐकू येतं हे त्यांना स्वतःलाच पटत नाही.

अजून एक. हळू बोललं तर ऐकू येत नाही, आणि मोठ्याने बोललं की एकदम कानात घुसतं, त्रास होतो. घरची माणसं हैराण होतात ती इथं. दोनदा हाक मारली, ओ नाही. तिसऱ्यांदा ओरडलं की म्हातारा खेकसतो, "ओरडतेस कशाला?"

मनीषा_सोलापूर

"ओरडतेस कशाला?" हे वाक्य माझ्या कथेत आहे! तुसडेपणा दाखवायला घातलं होतं.

जुना_वाचक

श्रवण, तुम्ही कथा सोडवलीत.

ताई, आता चुलतभाऊ आणा. श्रीनिवास म्हणा, पंधरा-सोळा वर्षांचा, आवाज फुटलेला. ताता त्याला उत्तर देतात, रेणूला देत नाहीत. रेणू काय समजेल? नातवाचं कौतुक, नातीची किंमत नाही. वाचक काय समजेल? तेच, कारण अशी घरं त्याने पाहिलीत. त्याला कारण मिळालं, आणि ते पटण्यासारखं आहे. मग तो दुसरं कारण शोधत बसणार नाही.

वाचकाला अंधारात ठेवण्यापेक्षा त्याच्या हातात पुरेसं वाटणारं उत्तर देणं जास्त चालतं. नुसता प्रश्न ठेवला तर तो खणत राहतो आणि तिसऱ्या पानावर बहिरेपण काढून मोकळा होतो.

गड्डम_कांडी

मी मागावरच्या माणसाचा मुलगा. आई कांडी भरायची, बाप माग चालवायचा. एक सांगू का, कारखान्यात सगळेच ओरडून बोलतात. माग चालू असताना शेजारच्याला काही सांगायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं, नाहीतर खाणाखुणा. ओठ बघून बोलणं ओळखणं तिथं सगळ्यांनाच येतं. म्हणून ताता ओरडतात याचं तिथं कुणालाच काही वाटणार नाही. बहिरा माणूस लपवायला कारखान्यासारखी जागा नाही ओ.

पण लाईट गेली की मजा असते. सगळे माग एकदम बंद. पहिल्या मिनिटात सगळे सवयीने ओरडतच असतात, मग आपोआप आवाज खाली येतात. आमच्याकडे एक म्हातारे होते, त्यांचा कधीच खाली यायचा नाही. आम्ही हसायचो.

जुना_वाचक

हा प्रसंग सोन्यासारखा आहे. मनीषाताई, गड्डम यांची परवानगी घ्या आणि कथेच्या मधोमध टाका. मात्र पोरं हसतात तेवढ्यावर सोडू नका, ताताला ओरडायला तिथलंच कारण द्या. ऑर्डर उद्या द्यायचीय, लाईट गेलीय, ताता वीज मंडळाला शिव्या घालतायत, सगळा कारखाना शांत आणि त्यांचाच आवाज. वाचक म्हणेल, चिडलाय म्हातारा.

आता सगळं एका धाग्यात ओवू. एकच गोष्ट तीनदा घडू द्या: रेणू हाक मारते, ताता ओ देत नाहीत. पहिल्यांदा गड्ड्याच्या जत्रेत. नंदीध्वज चाललेत, गर्दी, हलगी. रेणू मागून ओरडते, ताता हलगीकडे मान वळवतात, तिच्याकडे नाही. त्या गदारोळात कुणालाच ऐकू आलं नसतं, म्हणून वाचकाला काही खटकत नाही. रेणूला मात्र खटकतं: हलगीकडे बघितलं, माझ्याकडे नाही. दुसऱ्यांदा घरात, टीव्ही चालू, श्रीनिवास शेजारी. तो विचारतो, त्याला उत्तर मिळतं. ती सहलीचं विचारते, तिला नाही. इथं नातवाच्या कौतुकाचा पडदा आहे. तिसऱ्यांदा बंद कारखान्यात, लाईट गेलेली, दोघंच. आता जत्रा नाही, टीव्ही नाही, श्रीनिवास नाही. दर वेळी एकेक निमित्त काढून घ्यायचं. तिसऱ्या वेळी वाचकाकडे सांगण्यासारखं दुसरं काही उरत नाही.

ट्रंक नको, दवाखाना नको. मरणही नको, ते घाई करतं.

मनीषा_सोलापूर

हे पटतंय. पण कथा "मी" मध्ये आहे. मोठी झालेली रेणू सांगतेय, तिला सगळं ठाऊक आहे. मग ती सुरुवातीला "तातांनी मला नाकारलं" असं म्हणाली तर ती वाचकाशी खोटं बोलली असं होत नाही का?

जुना_वाचक

होतं. फसवाफसवीचा आरोप नेहमी इथंच येतो.

दोन वाटा आहेत. एक, "मी" सोडून द्या आणि दहा वर्षांच्या रेणूच्या खांद्यावरून तिसऱ्या पुरुषात लिहा. ती जे बघते तेवढंच. दुसरी, "मी" ठेवा, पण घडलेलं आणि समजलेलं यांच्यात काटेकोर राहा. "तातांनी वळून बघितलं नाही" हे घडलं, कायम खरं. "तातांनी पैसे नाकारले" हे तिचं अनुमान, ते निवेदनात सत्य म्हणून येता कामा नये. "त्या दिवशी मी ठरवून टाकलं की तातांना मी नकोय" असं लिहा. ठरवलं हे खरंच आहे ना!

मसुदा घेऊन बसा आणि रेणूचं अनुमान जिथं जिथं आहे ती वाक्यं पेन्सिलीने झाका. उरलेला प्रसंग दोन्ही अर्थांनी उभा राहतो का बघा. फक्त तुसडेपणानेच खरा ठरणारा तपशील फसवणूक आहे, काढा. समजा ताता पलीकडच्या खोलीतली तिची कुजबुज ऐकून रागावतात असा प्रसंग असेल, तर बहिरेपण कळल्यावर वाचक तोच दाखवून तुमची मानगूट धरेल.

श्रवण_जोडभावी

अगदी. आणि फोन. माझ्याकडे येणारे बरेच जण फोन घ्यायचं टाळतात, कारण ओठ दिसत नाहीत. मसुद्यात ताता फोनवर निवांत गप्पा मारत असतील तर ते काढा.

मनीषा_सोलापूर

आहे एक. व्यापाऱ्याशी फोनवर भाव करतात. श्रीनिवासकडे देऊन टाकते तो फोन. म्हणजे नातवावर भरवसा, हेही त्यात येईल.

रेवती_वाचते

इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही. मला हा सगळा आराखडाच खटकतोय. मुलगी म्हणते घरात मुलाला झुकतं माप आहे, आणि कथा शेवटी सांगते, नाही गं वेडे, त्यांना ऐकू येत नव्हतं. म्हणजे तिची तक्रार गैरसमज ठरली! खऱ्या घरांत ती तक्रार नव्याण्णव वेळा खरी असते. वाचकाला चकवण्यासाठी तुम्ही ती वापरून फेकून देताय.

जुना_वाचक

हा आक्षेप मला टाळता येत नाही. तंत्राच्या बाजूने एवढंच म्हणतो की जुना अर्थ पुसला जायलाच हवा असं नाही. ताता ऐकत नाहीत हे कानामुळे. पण शाळा सुटल्यावर कांड्या भरायला रेणूलाच बसवतात आणि श्रीनिवासला क्लासला पाठवतात, हे कानामुळे नाही. तो तपशील शेवटानंतरही तसाच बोचत राहू द्या. मग अर्थ बदलतो तो एका माणसाबद्दल, घराबद्दल नाही.

रेवती_वाचते

बरं आहे, पण पुरेसं वाटत नाही. वाचक शेवटी ताताची कणव घेऊन उठणार, कांड्यांची आठवण कुणाला राहणार?

गड्डम_कांडी

राहील की ओ. आमच्या आईच्या बोटांना बघून मला अजून राहते.

ते असो. ताई, शेवट कसा करणार? रेणूला कळणार कसं? कुणीतरी सांगितलं तर परत कागदच झाला.

मनीषा_सोलापूर

विचार करून हे सुचलंय. लाईट गेलीय, ताता बंद मागाच्या सांगाड्यावर तळवा ठेवून बसलेत, पाठ तिच्याकडे. ती हाताच्या अंतरावरून दोनदा हाक मारते, "ताता, जेवायला चला." काही नाही. मग ती मागाच्या दुसऱ्या टोकाला मूठ आपटते. ताता लगेच वळतात. बस. पुढं एक शब्द नाही.

श्रवण_जोडभावी

हळू हाक मारलेली असू द्या, घाबरत. वय धरलं तर मुलीची हळू हाक पाठीमागून हुकणं अगदी शक्य आहे. मोठ्याने मारली तर काहीतरी ऐकू जाईल.

गड्डम_कांडी

मूठ कुठं आपटणार? सांगाडा बिडाचा असतो, पोरीच्या मुठीने काही होत नाही. आणि धोटा घेऊन लोखंडावर वाजवला तर खणकन आवाज होतो, वाचक म्हणेल आवाज ऐकून वळले. हात्याचं लाकूड बघा, विणताना पुढं-मागं हलतं ते. ताताचा तळवा हात्यावर, पोरीने हात्याच्याच दुसऱ्या टोकाला धक्का दिला की तळव्याला कळतं. मग आधीपण तळवा हात्यावर ठेवतात असं दाखवावं लागेल, सांगाड्यावर नाही.

जुना_वाचक

गड्डम, हे बारीक वाटलं तरी सगळं यावर अवलंबून आहे. तळवा पहिल्या पानावर आणि शेवटच्या पानावर एकाच जागी हवा. शेवटी जे वाचकाला उलगडतं ते नवं असता कामा नये, आधी पाहिलेलंच असावं. क्रमही तसाच ठेवा ताई: आधी हाका, मग धक्का. उलट केलंत तर धक्क्याने दचकले एवढंच वाटेल.

लिहून झालं की घरच्यांना देऊ नका, त्यांना माहीत झालंय. दोन-तीन परक्यांना द्या, तिसऱ्या हाकेच्या आधी थांबवा आणि एका ओळीत लिहून घ्या की ताता ओ का देत नाहीत. बहुतेकांनी "कानाने कमी" लिहिलं तर लाईट जाण्याचा प्रसंग जास्त बोलतोय, शिव्या वाढवा. शेवट वाचल्यावर विचारा, मागचं काय आठवलं? कुणी हलगी म्हणेल, कुणी "ओरडतेस कशाला". कुणालाच काही आठवलं नाही तर खुणा फार पुसट झाल्यात. एक-दोघांनी आधीच ओळखलं तर घाबरू नका. ज्याने ओळखलं त्याला ती तिसरी हाक वाचणं आणखी जड जातं.

अण्णा_अकलकोट

मला अजून वाटतं शेवटी एक वाक्य हवं. "तेव्हा मला कळलं" असं काहीतरी. सगळे वाचक तुमच्याइतके चाणाक्ष नसतात हो. अंक घरात सासूबाई पण वाचतात.

रेवती_वाचते

अण्णा, सासूबाईंनाच सगळ्यात आधी कळेल.

मनीषा_सोलापूर

अण्णांचं वाक्य मी घालणार नाही, पण त्यांची शंका मला पोचली. ताता वळल्यावर रेणूच्या ओठांकडे बघतात, एवढं ठेवू का? आधी कारखान्यात सगळेच ओठ बघतात असं येऊन गेलेलं असेल.

जुना_वाचक

एक तर हात्याचा धक्का ठेवा, नाहीतर ओठ. दोन्ही ठेवलेत तर समजावून सांगितल्यासारखं होईल. मी धक्का ठेवीन.

गड्डम_कांडी

मी ओठ. धक्का मागवाल्यालाच कळेल, ओठ सगळ्यांना.

बाळू_७०फूट

म्हणजे माझ्या कथेत जुळा भाऊ पहिल्या पानापासून सगळ्यांना दिसायला पाहिजे, पण सगळ्यांना तो मुनीमच वाटायला पाहिजे? एकदा उजव्या हाताने वही लिहितोय, एकदा डाव्या हाताने चहा घेतोय, असं?

जुना_वाचक

बाळू, डाव्या हाताला पहिल्या वाचनात कारण द्या. उजव्याला पट्टी बांधलेली असू दे. आणि वेगळा धागा काढा म्हटलं होतं ना.